शनवार तेली आणि सहा आकडे

अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहा या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवणारी काही घरं अशी होती, की शनिवारी त्यांचा बैल घाण्याला जुंपला जात नसे. गावाने त्यांना नाव ठेवलं शनवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, शनिवारी बंद ठेवणारे हे. गावकीला यापेक्षा जास्त खुलाशाची गरज वाटली नाही, आणि मला वाटतं बरंच झालं. शनिवार का, बिनखवल्याचा मासा का खात नाहीत, मुलाची सुंता आठव्याच दिवशी का, असं कुणी खोदून विचारलं नाही म्हणून ही माणसं शेकडो वर्षं निवांत जगली. भाषा मराठी, नेसणं नऊवारी, आडनावं गावांवरून पडलेली: नवगावकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. हे कोकणातले ज्यू. स्वतःला ते बेने इस्राएल म्हणवतात.

त्यांची मूळकथा कोकणातल्या कुठल्याही मूळकथेसारखी समुद्रातून येते. फार पूर्वी पश्चिमेकडून निघालेलं एक जहाज नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीचे बुडाले. त्यांना नवगावलाच पुरलं, आणि वाचलेल्या चौदा जणांपासून पुढची सगळी वस्ती झाली. चित्पावनांच्या कथेतही किनाऱ्याला लागलेली चौदाच प्रेतं आहेत, परशुरामाने जिवंत केलेली. एकाच किनाऱ्यावरच्या दोन समाजांच्या दोन कथांत जहाजही फुटतं आणि आकडाही चौदाच निघतो, यावर बरंच लिहिलं गेलंय. कुणी कुणाकडून घेतलं ते सोडा. मूळकथेतले आकडे खानेसुमारीतल्यासारखे वाचायचे नसतात एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

अलिबागला इस्रायल आळीत आमच्या ओळखीच्या एक काकू राहायच्या. आता त्या लेकाकडे इस्रायलमधल्या अश्दोदला असतात. २००२ साली वर्तमानपत्रांत बातमी आली, की बेने इस्राएल खरोखरच प्राचीन ज्यूंचे वंशज असल्याचं डीएनए तपासणीतून दिसलंय, आणि त्यांच्यात ज्यू पुरोहितांची खूण सापडलीय. काकू तेव्हा अलिबागलाच होत्या. बातमी वाचून म्हणाल्या, "आमच्यात पुरोहित कधी होते? आम्हाला तर कोहेन म्हणजे काय हेच कोचीनच्या लोकांनी शिकवलं." त्यांचं म्हणणं बिनचूक होतं. ज्यूंमध्ये कोहेन हा वंशपरंपरेने चालणारा पुरोहितवर्ग आहे, बापाकडून मुलाकडे जाणारा. बेने इस्राएलांच्या परंपरेत असा वर्गच नव्हता. मग पुरोहित नसलेल्या समाजात पुरोहितांची खूण कुठून आली? ही एक गोष्ट नीट उलगडली तर वंशशोधाच्या या चाचण्या काय सांगतात आणि कुठे गप्प बसतात, हे बरंचसं कळतं.

आधी ती खूण म्हणजे काय ते पाहू. आपल्या बहुतेक गुणसूत्रांत आईचा आणि बापाचा वाटा दर पिढीला पिसला जातो. वाय गुणसूत्राचं तसं होत नाही. टोकांचे छोटे भाग सोडले तर ते बापाकडून मुलाकडे जसंच्या तसं जातं. मायटोकॉन्ड्रियातलं डीएनए, जेमतेम १६,५६९ अक्षरांचं, आईकडून सगळ्या मुलांना मिळतं, पण पुढे ते मुलीच चालवतात. दोन्ही ठिकाणी मिसळ नाही, फक्त नक्कल. आणि नक्कल म्हटली की चूक आलीच. जुन्या पोथीत एखाद्या लेखकाने ओवीतला शब्द चुकवला की त्या पोथीवरून उतरवलेल्या सगळ्या पोथ्यांत तोच पाठभेद उतरतो. मग अभ्यासक पाठभेद जुळवून पोथ्यांची घराणी लावतात. वाय गुणसूत्रावर आणि मायटोकॉन्ड्रियावर नेमकं हेच करतात. ज्यांच्यात एक विशिष्ट जुना पाठभेद आहे अशा सगळ्यांचं एक घराणं, त्याला म्हणायचं हॅप्लोग्रुप. जे, आर१ए, एच, एल अशी त्यांना अक्षरं दिली आहेत. वायची अक्षरं वेगळी आणि मायटोकॉन्ड्रियाची वेगळी. दोन्हीकडे एच आहे, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि रिपोर्ट वाचताना माणसं इथेच पहिल्यांदा गोंधळतात.

पाठभेद दोन प्रकारचे असतात. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर पडतं ते फार क्वचित, आणि एकदा पडलं की सहसा राहतं. हॅप्लोग्रुप ठरतात ते यावरून. दुसरा प्रकार असा, की काही ठिकाणी तीन-चार अक्षरांचा तुकडा पुन्हापुन्हा लिहिलेला असतो, आणि नक्कल करताना तो कधी एकदा जास्त, कधी एकदा कमी लिहिला जातो. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने पुसून घेतलेल्या नमुन्यातून प्रयोगशाळा हे तुकडे मोजते. यंत्राच्या पडद्यावर प्रत्येक जागेसाठी एक उभं टोक उमटतं. ते कुठे उमटलं त्यावरून तुकड्याची लांबी कळते, आणि लांबीवरून पुनरावृत्ती किती ते. पुरोहितांची खूण म्हणून गाजली ती सहा जागांवरची अशी मोजणी:

डीवायएस १९ वर १४, डीवायएस ३८८ वर १६, ३९० वर २३, ३९१ वर १०, ३९२ वर ११ आणि ३९३ वर १२.

या ओळीमागची हकिकत अशी. कार्ल स्कोरेकी हे मूत्रपिंडाचे डॉक्टर, स्वतः कोहेन. प्रार्थनेच्या वेळी सिनेगॉगमध्ये दुसरा एक कोहेन तोरा हा धर्मग्रंथ वाचायला उभा राहिला. तो उत्तर आफ्रिकेतल्या ज्यूंपैकी होता, स्कोरेकींचं घराणं पूर्व युरोपातलं. दोघांच्या चेहऱ्यामोहऱ्यात काही साम्य नाही. पण परंपरेप्रमाणे दोघेही मोशेचा भाऊ आरोन याचे वंशज, बापाच्या बाजूने. तसं असेल तर दोघांचं वाय जुळायला हवं. १९९७ मध्ये त्यांच्या गटाने पहिला निष्कर्ष छापला आणि १९९८ मध्ये मार्क थॉमस आणि सहकाऱ्यांनी ही सहा आकड्यांची ओळ मांडली. तपासलेल्या अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपाकडच्या, कोहेनांपैकी सुमारे ४५ टक्के आणि सेफार्दी, म्हणजे स्पेन आणि उत्तर आफ्रिकेकडच्या, कोहेनांपैकी सुमारे ५६ टक्के पुरुषांत ती सापडली. इतर ज्यूंमध्ये ती बरीच कमी होती. शतकानुशतकं एकमेकांपासून लांब राहिलेल्या दोन गटांत नुसत्या सांगोवांगीने चालत आलेली गोष्ट शरीरातही सापडावी, हे खरोखरच थक्क करणारं होतं. त्याबद्दल कुरकूर करण्यात अर्थ नाही.

घोटाळा झाला तो ओळ उलटी वाचायला लागल्यावर. निम्म्या कोहेनांत ही ओळ आहे, याचा अर्थ ही ओळ असलेला माणूस कोहेनांचा वंशज, असा होत नाही. पुढे जास्त लोक तपासले तेव्हा हीच सहा आकड्यांची ओळ अरबांत, कुर्दांत, इटलीतल्या लोकांत मिळाली. याचं कारण समजायला थोडा हिशोब करावा लागेल, पण तो पाचवीतला आहे.

अशा एका जागेवरचा आकडा बदलण्याची शक्यता एका पिढीत ढोबळमानाने ५०० मध्ये १ धरतात. जागा सहा, म्हणजे एका पिढीत कुठेतरी एक बदल होण्याची शक्यता हजारात बारा. आता दोन पुरुष घ्या, ज्यांचा समान पूर्वज ४० पिढ्यांपूर्वीचा आहे. पूर्वजापासून दोघांपर्यंत मिळून ८० नकला झाल्या. इतक्या नकलांतून सहाही आकडे शाबूत राहण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के. समान पूर्वज १०० पिढ्यांपूर्वीचा असेल, म्हणजे २८ वर्षांची पिढी धरून २,८०० वर्षांपूर्वीचा, तरी दोघांचे सहाही आकडे जुळण्याची शक्यता ९ टक्के उरतेच. म्हणजे सहाच्या सहा आकडे जुळले यावरून समान पूर्वज शिवकाळातला, यादवकाळातला की बुद्धाच्याही आधीचा, हे ठरवता येत नाही. शिवाय आकडा मागेही येतो. १० चा ११ होतो आणि काही पिढ्यांनी पुन्हा १०. त्यामुळे दोन वेगळ्या घराण्यांतले आकडे योगायोगाने सारखे दिसू शकतात. झालंही तसंच. ही ओळ जे१ आणि जे२ अशा दोन वेगवेगळ्या शाखांत आढळली. त्या शाखा एकमेकींपासून फुटल्या त्याला हजारो वर्षं झाली आहेत, आरोनाच्या कितीतरी आधीची गोष्ट. खरं तर डीवायएस ३८८ वरचा १६ हा आकडा एकटाच बरंच काम करतो. इतर बहुतेक घराण्यांत तिथे १२ असतात, जे मध्ये १५-१६. त्यामुळे सहा आकड्यांची ओळ बऱ्याच अंशी एवढंच सांगते, की हा माणूस जे घराण्यातला दिसतो. आणि जे घराणं सगळ्या पश्चिम आशियाभर पसरलेलं आहे.

२००९ मध्ये मायकेल हॅमर आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत स्कोरेकीही होते, ही चूक दुरुस्त केली. सहाऐवजी बारा जागा मोजल्या आणि आधी अक्षरबदल पाहून शाखा पक्की केली. तपासलेल्या कोहेनांपैकी ४६ टक्के पुरुष जे-पी५८ या एका शाखेत बसले, आणि बारा आकड्यांची लांब ओळ सुमारे ३० टक्क्यांत मिळाली. ती इतर समाजांत जवळजवळ नाही. तिचं वय त्यांनी ३,१९० वर्षं काढलं, पण पुढे अधिक-उणे १,०९० लिहिलंय. बातमीत पहिला आकडा आला, दुसरा गळाला. तो धरला तर काळ २,१०० ते ४,२८० वर्षांच्या मध्ये कुठेही बसतो, आणि त्यात आरोनही मावतो आणि आरोन नसलेले असंख्यही. उरलेले निम्म्याहून अधिक कोहेन इतर शाखांत विखुरले आहेत, त्यांचं काय, हा प्रश्न कुणी मथळ्यात घातला नाही.

अलिबागच्या बातमीकडे परत येऊ. लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमधले ट्यूडर पारफिट हे या कामामागे होते. याआधी त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या लेंबा समाजावर काम केलं होतं. लेंबाही स्वतःला ज्यू वंशाचे म्हणतात. त्यांच्यातल्या बुबा नावाच्या कुळातल्या तपासलेल्या पुरुषांपैकी निम्म्याहून अधिकांत ती सहा आकड्यांची ओळ सापडली होती आणि जगभर गाजली होती. तशीच ती बेने इस्राएलांतही सापडली. पण लेंबांचं पुढे काय झालं ते इथे सांगायला हवं. २०१३ मध्ये हिम्ला सूडयाल यांनी लेंबांचे नमुने बारा जागांनी पुन्हा पाहिले, तेव्हा पश्चिम आशियाकडून आलेल्या पुरुषांचा माग पक्का राहिला, पण खास ज्यूंकडे बोट दाखवणारा पुरावा विरघळला. अरबस्तानातून आलेला व्यापारीही तीच खूण ठेवून गेला असता.

बेने इस्राएलांच्या बाबतीत या सहा आकड्यांचा प्रामाणिक अर्थ एवढाच, की त्यांच्या पुरुषांच्या काही शाखा पश्चिम आशियातून आल्या. ते काही थोडंथोडकं नाही. शेजारच्या गावांतल्या मराठी पुरुषांत या शाखा सहसा दिसत नाहीत. समुद्रापलीकडून माणसं आली होती, ही कथेतली गोष्ट खरी ठरते. पण ते कोहेन होते, हे त्यातून निघत नाही. अरबी समुद्रावर दोन हजार वर्षं जहाजं ये-जा करत होती, चौल हे मोठं बंदर होतं, त्यामुळे ते नेमके कधी आले आणि एकदाच आले की चारदा, हेही निघत नाही. काकूंच्या शंकेला उत्तर इथेच मिळतं: पुरोहितांची म्हणून गाजलेली खूण मुळात एकट्या पुरोहितांची नव्हतीच.

आता आईची बाजू. आणि इथे प्रश्न नुसत्या कुतूहलाचा राहत नाही, कारण ज्यू धर्मशास्त्रात ज्यू कोण हे आईवरून ठरतं. इस्रायल स्थापन झाल्यावर बेने इस्राएल तिकडे जाऊ लागले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कार्यालयाने विवाह नोंदवणाऱ्यांना फर्मान काढलं, की बेने इस्राएल वधू किंवा वर असेल तर त्याच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. मराठी बोलणाऱ्या या लोकांनी मग उपोषणं केली, जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला आणि फर्मानातून त्यांचं नाव काढावं लागलं.

पुढे चव्वेचाळीस वर्षांनी, २००८ मध्ये, डोरॉन बेहार आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या ज्यू समाजांचं मायटोकॉन्ड्रिया तपासून किती मूळ स्त्रियांपासून कुठला समाज झाला ते मोजलं. बेने इस्राएलांच्या मातृशाखा बहुतांशी भारतीय निघाल्या. एम हे मायटोकॉन्ड्रियाचं घराणं भारतात सर्वांत जास्त पसरलेलं आहे, पन्नास-साठ हजार वर्षांपासून इथे रुजलेलं. बेने इस्राएलांच्या शाखा मुख्यतः त्याच्याच इथल्या फांद्या आहेत, आणि त्याही मोजक्याच, म्हणजे थोड्याच स्त्रियांच्या लेकींपासून पुढची वस्ती झाली. १९६२ च्या फर्मानाला २००८ ने उत्तर दिलं असं कुणाला वाटेल, आणि काहींनी तसं म्हटलंही. मला ते दोन कारणांनी पटत नाही.

पहिलं कारण गणिती आहे. कथेतल्या सात बायका घटकाभर खऱ्या धरा. वस्ती लहान आणि स्थिर, दर बाईला सरासरी एक मुलगी जगते असं समजा. सरासरी एक म्हणजे कुणाला तीन, कुणाला एकही नाही. पहिल्याच पिढीत शंभरातल्या सदतीस बायकांना मुलगी नसते आणि त्यांची मातृशाखा तिथेच संपते, मग घरात चार मुलगे का असेनात. वीस पिढ्यांनंतर एका बाईची शाखा टिकून असण्याची शक्यता दहात एकही उरत नाही. सात बायकांच्या सातही शाखा वीस पिढ्यांत पुसल्या जाण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच येते. म्हणजे जहाजातून सात ज्यू बायका उतरल्या असत्या, तरी आज त्यांच्यापैकी एकीचंही मायटोकॉन्ड्रिया सापडू नये, हे अगदी शक्य आहे. त्यांचे बाकीचे अंश मुलग्यांमार्फत, नातींमार्फत वाहत राहिले असतील, पण या चाचणीला ते दिसत नाहीत. चाचणी आईची आई, तिची आई, तिची आई एवढाच एक धागा पाहते. वीस पिढ्या मागे गेलं तर माणसाच्या वंशवृक्षात १०,४८,५७६ जागा असतात. त्यातली एक मायटोकॉन्ड्रियाला दिसते, एक वायला. बाकी १०,४८,५७४ जागांबद्दल दोघांनाही काही ठाऊक नाही.

म्हणूनच पुढचं काम सगळ्या गुणसूत्रांवर झालं. २०१६ मध्ये येदाएल वाल्डमन, अर्जुन बिद्दांदा आणि कॉर्नेल विद्यापीठातले अलॉन काइनान यांच्या गटाने १८ बेने इस्राएलांचं संपूर्ण जनुकीय चित्र इतर ज्यूंशी आणि भारतीयांशी ताडून पाहिलं. दोन्हीकडचा वाटा मोठा निघाला. ज्यू वाटा बराचसा पुरुषांकडून आला, भारतीय वाटा बराचसा बायकांकडून. हा निष्कर्ष एका धाग्यावर लटकलेला नाही, कारण त्यांनी एक्स गुणसूत्र बाकीच्यांशी ताडलं. एक्सचा दोन तृतीयांश काळ बायकांच्या शरीरात जातो, त्यामुळे बायका स्थानिक असतील तर एक्सवर स्थानिक वाटा जास्त दिसतो. तसा तो दिसला. म्हणजे इथल्या बायकांची गोष्ट खरी आहे. ती फक्त मायटोकॉन्ड्रियावरून सिद्ध होत नव्हती.

याच कामात एक तारीखही निघाली, १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची. पिढी तीस वर्षांची धरली तर पावणेसहाशे ते हजार वर्षं. ती कशी काढतात? दोन समाजांची मिसळ झाली की पहिल्या पिढीत गुणसूत्रंच्या गुणसूत्रं एकेका बाजूची असतात. नंतर दर पिढीला ती कापली आणि जोडली जातात, आणि एका बाजूचे सलग तुकडे आखूड होत जातात. तुकडे किती आखूड झाले त्यावरून पिढ्या मोजायच्या. पण ही तारीख जहाज लागल्याची नव्हे, मिसळ झाल्याची आहे. आधी दोन-चार शतकं माणसं आपसातच लग्न करत राहिली असतील तर ती शतकं यात दिसणार नाहीत. मिसळ एकदा न होता अनेक शतकं होत राहिली असेल तर येणारी तारीख साधारण मधली, किंवा शेवटाकडे झुकलेली येते. त्यामुळे दोन हजार वर्षांची परंपरा यामुळे खोटी ठरत नाही, आणि खरीही ठरत नाही. अठरा माणसांकडून याहून जास्त अपेक्षा करणं अन्यायाचं होईल.

दुसरं कारण कायद्याचं आहे, आणि डीएनएला कायदा कळत नाही. स्थानिक मुलगी लग्न करून आली, तिने शनिवार पाळला, मुलांची सुंता करवली, तर धर्मशास्त्राच्या दृष्टीने तिने धर्म स्वीकारला होता की नाही? स्वीकारला असेल तर तिच्यापासून पुढच्या सगळ्या लेकी शंभर टक्के ज्यू, मायटोकॉन्ड्रिया काहीही म्हणो. नसेल तर नाही, आणि तेव्हाही मायटोकॉन्ड्रिया तेच राहिलं असतं. आपल्याकडे दत्तकाने बापाची बाजू अशीच बदलते. कोल्हापूरचे शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, १८८४ मध्ये दत्तक जाऊन छत्रपती झाले. त्यांचं वाय तपासलं असतं तर ते घाटग्यांचं निघालं असतं, आणि त्यावरून त्यांच्या गादीला कुणी हरकत घेतली असती तर त्याला वेड्यातच काढावं लागलं असतं. भोसले घराण्याची वंशावळ आणि भोसल्यांचं वाय या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तरी आजकाल समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर आपापल्या कुळाचं वाय फिरवणारी माणसं दिसतात. आमच्या एका आतेभावाने किट मागवून तपासणी केली. आर१ए निघालं आणि तो आठवडाभर मान ताठ ठेवून हिंडला. आर१ए पोलंडमधल्या निम्म्या पुरुषांत आहे, आंध्रातल्या चेंचू आदिवासींतही आहे, हे सांगितल्यावर त्याला पैसे वाया गेल्यासारखं वाटलं.

मातृशाखेचा प्रश्न इस्रायलमध्ये संपलेला नाही. २०१९ मध्ये उघड झालं, की पूर्वीच्या सोव्हिएत संघातून आलेल्या काहींना लग्नाआधी ज्यूपणा सिद्ध करण्यासाठी रब्बींच्या यंत्रणेकडून डीएनए तपासणी सुचवली जात होती. तिथले काही रब्बी असंही मांडत होते, की विशिष्ट मायटोकॉन्ड्रिया शाखा सापडली तर ती ज्यू असल्याचा पुरावा मानावी. त्याला आधार होता बेहार यांच्याच २००६ च्या कामाचा: आजच्या अश्केनाझी ज्यूंपैकी सुमारे ४० टक्के लोक मातृबाजूने फक्त चार स्त्रियांचे वंशज आहेत. अशी शाखा ज्याच्यात मिळाली त्याचं काम सोपं होईल. उरलेल्या ६० टक्क्यांना ही चाचणी काहीच देत नाही. शिवाय या चार स्त्रिया मुळात पश्चिम आशियातल्या की युरोपातल्या, यावर अभ्यासकांत अजून वाद चालू आहे. २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासाने त्या युरोपीय असल्याचं मांडलं. ते बरोबर असेल तर अश्केनाझी आज्या आणि कोकणातल्या आज्या यांची गोष्ट एकच आहे: बाहेरून आलेले पुरुष, गावातल्या बायका. फक्त एका गोष्टीतल्या बायकांची शाखा आता पुरावा म्हणून पुढे केली जाते आणि दुसऱ्या गोष्टीतल्या बायकांची शंका म्हणून.

मागच्या वर्षी काकूंशी फोनवर बोलताना मी हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि ती इथली मुलगी, पहिली, ती कुठल्या गावची होती ते कळतं का रे त्यात?" नाही कळत, म्हटलं. "मग काय उपयोग," म्हणाल्या, आणि नातवाच्या लग्नात मलिद्याला पोहे कुठून मिळाले त्याची हकिकत सांगायला लागल्या.